दुखणं आजचं, नोंद कालची

*ताई, माझी आई ५१ वर्षांची आहे. तीन वर्षांपासून तिची कंबर दुखते. एक्स-रेत 'गॅप आहे' म्हणाले, गोळ्या दिल्या. मी तीन महिन्यांपासून रोज रात्री तिचं दुखणं वहीत लिहिते. ती आण्यांत सांगते, आठ आणे, बारा आणे. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी दोन पानं चाळली आणि परत दिली. आता पुढच्या महिन्यात जिल्हा रुग्णालयात पाठवणार आहेत. आई म्हणते हापशीच्या पाण्यानं दुखते, म्हणून पंधरा दिवस बाबांनी पाणी भरलं, तरी सकाळी तसंच. आता आजी म्हणते, ही नाटक करते. मला वहीचं दर आठवड्याचं एक पान करायचं आहे. कशानं वाढते आणि कशानं कमी होते, हे त्यात दिसलं पाहिजे. कसं करू?*
*— एक मुलगी, यवतमाळ जिल्हा*

डॉक्टरांवर रागावू नकोस. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते आणि हातात वही येते, तिच्यात 'आज लय ठणकली' हे वाक्य एकोणीस वेळा. एवढ्यात कोणीही दोन पानंच चाळेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मीही तेच केलं असतं. पण तू पाठवलेले फोटो मी निवांत पाहिले. ते पाहून तुला मजुरीच्या हिशोबाचा फोटोही मागितला होता, तो का, ते पुढे येईलच.

आधी वहीबद्दल एक सांगते. तीन महिन्यांत ५३ नोंदी आहेत, म्हणजे चाळीसच्या आसपास दिवस कोरे. कोरे दिवस बहुतेक बरे दिवस असणार, कारण बरं असलं की कोण लिहितं? पण मग वही वाचणाऱ्याला वाटतं, ही बाई रोजच बारा आणे दुखण्यात आहे. आणि त्याहून मोठा तोटा असा की तुलनाच करता येत नाही. 'पाणी भरलं आणि दुखलं' असे दहा दिवस लिहिलेले आहेत. पाणी भरलं आणि दुखलं नाही, असे दिवस किती? ते वहीत नाहीतच. म्हणून यापुढे बऱ्या दिवशीही एक ओळ लिही, 'चार आणे, विशेष नाही' एवढी पुरे. दुसरं, नोव्हेंबरच्या पानावर सलग चार दिवस एकाच हिरव्या पेनानं, एकाच घाईच्या अक्षरात आहेत. ते तू एका रात्री बसून भरलेत ना? आपण सगळेच असं करतो. पण चार दिवसांपूर्वीचं दुखणं कोणाच्या नीट लक्षात राहत नाही, आज जसं दुखतंय तसंच परवाही दुखत होतं असं वाटतं. राहिलेला दिवस कोराच ठेव आणि 'राहिलं' असं लिही.

आण्यांची पद्धत मात्र सोडू नकोस. दवाखान्यात ० ते १० मध्ये विचारतात. आईला त्यात अडकवू नकोस, पानाच्या वर एकदाच लिही की १६ आणे म्हणजे १०. तिची एक पायरी चार आण्यांची, म्हणजे दहात अडीच. दहाच्या मापात दोनेक अंकांचा फरक पडला तर तो रुग्णाला खरोखर जाणवणारा मानतात, तेव्हा तिची पायरी अगदी बरोबर बसते. पाऊण आण्याचा हिशोब काढत बसायचं नाही.

आता तुझं मुख्य काम. तू रोजची नोंद अशी लिहितेस: त्या दिवशी काय केलं आणि त्या दिवशी किती दुखलं, दोन्ही एका ओळीत. खोट इथंच आहे. कंबरेचं दुखणं पुष्कळदा त्याच क्षणी उमटत नाही. तासन्तास वाकून राहिलं की पाठीच्या मागच्या बाजूचे बंध ताणून सैल होतात, स्नायू थकतात, आणि त्याचा आखडलेपणा दुसऱ्या दिवशी उठताना कळतो. सकाळी उठल्यावर आई पहिलं काम कोणतं करते? हापशीवर जाते. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून किंचित फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासाभरात वाकणं तसंही जड जातं. मोठा गुंड भरला की बारा-पंधरा किलोचा, तो उचलताना कळ येते. म्हणून आईच्या मनात बसलं की पाण्यानं दुखते. ती खोटं बोलत नाही, कळ येते ती तिथंच. पण आग लावणारं काम आदल्या दिवशीचं असू शकतं.

म्हणून सकाळचं दुखणं आदल्या दिवशीच्या कामासमोर मांडायचं. एवढा एक बदल केलास तरी तुझी वही बोलू लागेल.

तुझ्याच वहीतला एक आठवडा घेते, सगळे दिवस भरलेला. तुमच्याकडे मंगळवारी बाजार, त्याच दिवशी मजुरी चुकती होते, म्हणून आठवडा बुधवार ते मंगळवार धरला. कागदी सोमवार-रविवारपेक्षा हे बरं, कारण घरात सगळा हिशोब बाजारापासून बाजारापर्यंतच चालतो. आणि इथंच मजुरीची वही कामी आली. तू लिहिलं होतं 'कापूस वेचला', एवढंच. किती, ते नाही. पण वेचणीची मजुरी किलोवर असते, संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो आणि किलो लिहिले जातात. आईच्या कामाचं मोजमाप कोणीतरी आधीच करून ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी चार आणे. दिवसभर, सात तास वेचणी, ३८ किलो. गुरुवारी सकाळी आठ आणे, पुन्हा सात तास, ४१ किलो. शुक्रवारी सकाळी बारा आणे, आई वावरात गेलीच नाही. शनिवारी सकाळी चार, तीन तास वेचून दुपारी परत, १६ किलो. रविवारी सकाळी चार, मग लग्नाला, जीपमध्ये दाटीवाटीनं दोन तास जाणं, दोन तास येणं. सोमवारी सकाळी आठ, तरी सात तास वेचणी, ४३ किलो. मंगळवारी सकाळी बारा, बाजाराचा दिवस.

आता सात सकाळी दोन ढिगांत टाक. आदल्या दिवशी पूर्ण वेचणी झाली होती अशा तीन सकाळी: ८, १२, १२. झाली नव्हती अशा चार: ४, ४, ४, ८. (त्यातली पहिली बुधवारची, तिच्या आदल्या मंगळवारी फक्त बाजार होता.) चौथी, आठ आण्यांची, ती जीपनंतरची, म्हणजे धक्क्यांचा प्रवासही संशयितांच्या यादीत घ्यायला हवा. आणि पाणी? या आठवड्यात आईनं सातही दिवस सहा-सहा गुंड पाणी भरलंय. चारच्या सकाळी भरलं, बाराच्याही सकाळी भरलं. जी गोष्ट रोजच घडते तिच्यावरून बरा दिवस आणि वाईट दिवस यांतला फरक सांगता येत नाही. बाबांनी पाणी भरलं तरी सकाळ तशीच राहिली, कारण त्या पंधरवड्यात वेचणी ऐन भरात होती. आजीला एवढं सांग की बाबांनी कळ येणारं काम काढून घेतलं, कळ आणणारं काम तसंच राहिलं. यात नाटक कुठं आलं?

पण घाई करून 'वेचणीनं दुखते, वेचणी बंद' असा निष्कर्ष काढू नकोस. मी ही चूक केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईची अशीच वही बघून मी तिला म्हटलं, वेचणीला जाऊ नकोस. ती मान हलवून गेली आणि पुन्हा आलीच नाही. हंगामाची मजुरी सोडा म्हणणाऱ्या माणसाकडे कोण येणार? शिवाय तिच्या वहीत उत्तर होतं, मीच पाहिलं नव्हतं. तुझ्या वहीतही ते आहे. शनिवारी आई तीन तास वेचून आली, आणि रविवारची सकाळ चार आण्यांवरच राहिली. म्हणजे वेचणी झेपते, काही तासांपर्यंत. तो आकडा तीन आणि सात यांच्या मधे कुठंतरी आहे, आणि तो शोधणं हेच पुढच्या आठवड्यांचं काम.

हे आईला पटवायचं तर किलोनं पटव. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार मिळून वेचला ७९ किलो: ३८, ४१ आणि शून्य. तिचा वेग तासाला साडेपाच किलोच्या आसपास आहे. तीनही दिवस पाच-पाच तास वेचलं असतं तर रोजचे २७-२८ किलो, तीन दिवसांचे ८० च्या वर. तेवढाच कापूस, आणि कदाचित शुक्रवारची बारा आण्यांची सकाळ टळली असती. टळलीच असती असं मी म्हणत नाही, ते करून बघायचं. टोळी एकाच ऑटोनं जाते-येते, आईला मधेच परतता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मग पाच तास सलग नको, मधे झाडाखाली अर्धा-अर्धा तास दोनदा आडवं पडायचं. किलोवर मजुरी असली की मालकाचं त्यात काही जात नाही.

वेचणीच्या रकान्यात तासांबरोबर आणखी दोन शब्द टाक. एक, पहिली वेचणी की नंतरची. पऱ्हाटीची बोंडं खालून वर फुटत जातात, त्यामुळे पहिल्या वेचणीला हात गुडघ्याखाली जातो आणि पुढच्या वेचण्यांत वर येतो. सारखेच सात तास, पण कंबरेसाठी वेगळे. दोन, ओटी किती भरल्यावर रिकामी केली. पोटाशी बांधलेलं पाच-सात किलोचं वजन घेऊन वाकायचं, तेव्हा पाठीच्या स्नायूंना ते सगळं मागून ओढून धरावं लागतं. अर्धी भरली की गाठोड्यात टाकून यायचं म्हटलं तर फेऱ्या वाढतात, पण प्रत्येक फेरीला सरळ उभं राहून चालणं होतं. बाकी भाकरी, झाडझूड, भांडी रोज लिहू नकोस. रोजचं ते रोजचंच, वेगळं झालं तरच लिही.

आता आराम कशानं पडतो ते. हा भाग वहीत सगळ्यात कच्चा आहे. 'गोळी घेतली, शेकलं, बरं वाटलं.' दोन्ही एकदम! मग बरं कशानं वाटलं? आणि गोळी आपण कधी घेतो, तर दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेला पोचलेलं दुखणं बऱ्याचदा आपोआपही थोडं उतरतंच. त्याचं श्रेय शेवटी जे केलं त्याला मिळतं. म्हणून उपाय केलास की चार गोष्टी लिही: काय, किती वाजता, त्या वेळी किती आणे, तासाभरानं किती आणे. आणि शक्यतो एका वेळी एकच. एखाद्या बारा आण्यांच्या दिवशी काहीच केलं नाही, तर तेही लिही, तो दिवसही तुलनेला लागतो.

त्या आठवड्यात दोन दिवस समोरासमोर ठेवण्यासारखे आहेत. शुक्रवार आणि मंगळवार, दोन्ही सकाळी बारा आणे. शुक्रवारी आई दिवसभर झोपून राहिली, एक गोळी घेतली, दोनदा शेकलं, रात्री आठ आणे. मंगळवारी गोळी नाही, बाजारात तीन तास रमतगमत फिरली, ओझं बाबांकडे, रात्री चार आणे. एकेका दिवसावरून मी काही सिद्ध करणार नाही. पण जुनाट कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल चांगली, हे आता सगळे उपचारक मानतात. तुमच्या घरात दुखलं की 'पडून राय' म्हणतात, तर पुढचा बाऱ्याचा दिवस आला की सकाळ-दुपार वीस-वीस मिनिटं सपाट रस्त्यानं चालवून बघ आणि लिही.

गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं आठवडी पानावर 'आराम' म्हणून नाही, मोजून नाव यायला हवं. कोणती, किती. मेडिकलवरून सुट्या आणलेल्या गोळीचं नाव कळत नसेल तर पट्टीचा नाव असलेला कापलेला तुकडा पानाला डिंकानं चिकटव. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर जठराला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला त्रास देऊ शकतात. आई डॉक्टरांच्या गोळीशिवाय गावातून आणलेलीही घेते असं एका नोंदीवरून मला वाटलं. दोन्हींत एकच औषध निघालं तर डॉक्टरांना ते लगेच कळायला हवं. कमरेत कधी इंजेक्शन घेतलं असेल तर तीही तारीख टाक.

मग पान कसं दिसेल? त्या आठवड्याचं मी असं लिहिलं असतं:

> बुधवार ते मंगळवार. ७ पैकी ७ दिवस नोंद. (१६ आणे = १०)
> सकाळचं दुखणं: ४, ८, १२, ४, ४, ८, १२
> पूर्ण वेचणीच्या (७ तास) दुसऱ्या दिवशी सकाळी: ८, १२, १२
> इतर सकाळी: ४, ४, ४, ८ (८ = जीपप्रवासानंतर)
> ३ तास वेचणीनंतर: ४. पाणी ७ ही दिवस, त्यावरून फरक कळत नाही.
> काम बुडालं: १ दिवस
> उपाय: शेक, गुरुवार रात्री १२ → ८, सकाळी पुन्हा १२. झोपून + गोळी + शेक, शुक्रवार १२ → ८. फिरणं, मंगळवार १२ → ४.
> गोळ्या: १ (पट्टीचा तुकडा मागे)
> पुढच्या आठवड्यात बघायचं: वेचणी ५ तास, बाकी सगळं तसंच.

एवढंच. सरासरी काढू नकोस. या आठवड्याची सकाळची सरासरी साडेसात आणे येते, म्हणजे 'मध्यम', आणि त्या शब्दाखाली दोन बाऱ्याच्या सकाळी आणि एक बुडालेली मजुरी दोन्ही गाडल्या जातात. 'काम बुडालं' ही ओळ मात्र कधीच गाळू नकोस. आणे आईच्या मनातले असतात. वावरात गेली की नाही हे सगळ्यांना दिसतं, आणि उपचार लागू पडतोय का हे त्यावरून जास्त खात्रीनं कळतं.

शेवटच्या ओळीत एकच बदल लिहायचा. वेचणीचे तास कमी केले, ओटी अर्धी रिकामी केली आणि पाणी तासाभरानं उशिरा भरलं, असं सगळं एका आठवड्यात केलंस तर फरक पडेलही, पण कशानं ते कळणार नाही, आणि तीनही गोष्टी आईला कायम पाळाव्या लागतील. एका आठवड्यावर विश्वासही ठेवू नकोस. तीन सकाळी हा फार थोडा पुरावा आहे, लग्नसराईचा एखादा आठवडा सगळं उलटं दाखवू शकतो. चार आठवड्यांची चार पानं झाली की पूर्ण वेचणीनंतरच्या सगळ्या सकाळी एकत्र मोज, त्यात बारा किंवा जास्त किती आणि इतर सकाळींत किती. दोन्ही ढिगांत सारखंच प्रमाण आलं, तर वेचणीवरचा माझा संशय चुकीचा होता असं समज आणि जीप, झोप, पाळी यांच्याकडे वळ. ५१ व्या वर्षी पाळी लांबलेली किंवा थांबलेली असू शकते, तेही विचारून कोपऱ्यात टाकून ठेव, बाया स्वतःहून सांगत नाहीत.

काही गोष्टींसाठी आठवडी पानाची वाट बघायची नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, चालताना पायाचा चवडा उचलेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिल्हा रुग्णालय. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तरी तारखेपर्यंत थांबू नका.

जिल्हा रुग्णालयात जाताना चारही पानं एकावर एक टाचून ने, वही पिशवीत असू दे, मागितली तरच काढ. आत गेल्यावर पहिल्यांदा 'इतर सकाळी' आणि 'पूर्ण वेचणीनंतर' या दोन ओळींवर बोट ठेव. आणि बोलू आईला दे. तिचे पाच तास तिला जमले की नाही, ओटीची गाठ कुठं बांधते, कोणत्या कुशीवर झोपते, हे तिला विचारतील. तुझ्या पानावर ते नाही.